तुटलेल्या पाइप फिटिंगचा फोटो असा काढा, की दुकानातून जुळणारंच फिटिंग येईल

हार्डवेअरच्या दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फुटलेल्या एल्बोचा फोटो पाठवला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "साइझ काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. फोटो पाहून हा एल्बो आहे, टी आहे की कपलर, हे त्याला एका नजरेत कळतं. पण अर्धा इंची एल्बो आणि एक इंची एल्बो फोटोत हुबेहूब सारखे दिसू शकतात, कारण फोटोत माप नसतं. ते आपल्याला फोटोत घालावं लागतं. कसं घालायचं आणि घातल्यावर ते कसं वाचायचं, ते या लेखात सांगतो. घरच्या पाण्याच्या लाइनपुरतंच बोलतो, म्हणजे नळ, गच्चीवरची टाकी, गिझर, बेसिन. बहुतेकांना फोटो पाठवून फिटिंग मागवायची वेळ इथेच येते.

एकच "२० एमएम", तीन वेगळे पाइप

घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून आधी हे समजून घेऊ. दुकानात "२० एमएम" किंवा "पाऊण इंची" म्हणतात ते पाइपाचं नाव असतं. पट्टी लावली तर तेवढंच भरेल असं नाही. म्हणून या लेखात नाव सांगताना "एमएम" लिहितो आणि पट्टीवर खरोखर भरणारं माप "मिमी"मध्ये देतो.

घरात गरम पाण्यासाठी वापरतात तो फिकट पिवळसर सीपीव्हीसी पाइप तांब्याच्या नळ्यांच्या मापपद्धतीवर बनतो. त्या पद्धतीत बाहेरचा व्यास नावापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त असतो. त्यामुळे अर्धा इंची पाइप बाहेरून १५.९ मिमी, पाऊण इंची २२.२ मिमी आणि एक इंची २८.६ मिमी भरतो.

गच्चीवरून थंड पाणी आणणारा पांढरा यूपीव्हीसी पाइप लोखंडी पाइपांच्या मापावर बनतो. लोखंडी पाइपाचं नाव त्याच्या आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे, त्यामुळे बाहेरचं माप नावाहून बरंच मोठं असतं. अर्धा इंची २१.३ मिमी, पाऊण इंची २६.७ मिमी, एक इंची ३३.४ मिमी. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइपही जवळपास याच मापांचा असतो.

तिसरं कुटुंब शेतीच्या पीव्हीसी पाइपांचं आणि हिरव्या पीपीआर पाइपांचं. इथे मात्र जे नाव तेच बाहेरचं माप: २० एमएम म्हणजे २० मिमी, ६३ एमएम म्हणजे ६३ मिमी.

म्हणजे "२० एमएमचा एल्बो द्या" एवढंच सांगितलं, तर २२.२, २६.७ किंवा २० मिमीच्या पाइपावर बसणारा, यांपैकी कुठलाही एल्बो हातात पडू शकतो आणि दुकानदाराचं काहीच चुकलेलं नसतं. शेतावर हा त्रास जास्त होतो. मोटरीची "दोन इंची" लाइन ६३ मिमीची असते, तर घराच्या प्लंबिंगचा दोन इंची यूपीव्हीसी ६०.३ मिमीचा. एकाचं सॉकेट, म्हणजे फिटिंगचं पाइप शिरतो ते तोंड, दुसऱ्यावर बसत नाही आणि सोल्युशन कितीही लावलं तरी तो सांधा टिकत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पाइप कुठल्या कुटुंबातला आहे हे आधी ठरवायचं आणि मग त्याचा बाहेरचा व्यास मोजायचा. फिटिंगचं बाहेरचं अंग मोजण्यात अर्थ नाही. त्याची जाडी कंपनीगणिक बदलते आणि त्यावरून काहीच ठरत नाही. मोजायचा तो फिटिंगमध्ये शिरणारा पाइप.

कुटुंब ओळखणं: आधी छपाई, मग रंग

पाइपाच्या अंगावर लांबीभर छापलेली ओळ असते. धुळीने किंवा चुन्याने झाकली असली तर ओल्या फडक्याने पुसा, एका बाजूला सापडली नाही तर पाइपाची दुसरी बाजू पाहा. मागची बाजू दिसत नसेल तर मोबाइलचा सेल्फी कॅमेरा पाइपामागे धरून फोटो घ्या.

त्या ओळीत सीपीव्हीसी हा शब्द, किंवा आयएस १५७७८, किंवा एएसटीएम डी २८४६ असं दिसलं, तर पहिलं कुटुंब. यूपीव्हीसी आणि एएसटीएम डी १७८५, किंवा "शेड्यूल ४०" वा "शेड्यूल ८०" असं असेल, तर दुसरं. आयएस ४९८५ म्हणजे तिसरं, बाहेरच्या मापाचं. या एका ओळीत बहुतेक वेळा एमएममधलं आणि इंचातलं, दोन्ही नावंही असतात. ओळ स्वच्छ वाचता आली तर निम्मं काम झालं.

शेड्यूल ४० आणि ८० मध्ये भिंतीची जाडी वेगळी असते, बाहेरचा व्यास तोच राहतो. सीपीव्हीसीवरच्या "एसडीआर ११" आणि "एसडीआर १३.५" चंही तसंच. त्यामुळे फिटिंग बसेल की नाही हे या आकड्यांवर ठरत नाही. दाब किती सोसेल हे ठरतं, म्हणून फिटिंग शक्यतो त्याच वर्गाचं किंवा जाडच घ्या.

ओळ सापडलीच नाही तर रंगाकडे वळायचं, पण जपून. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेला पांढरा यूपीव्हीसी पिवळट पडतो आणि फोटोत थेट सीपीव्हीसीसारखा दिसतो. बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात तर नवा कोरा पांढरा पाइपही पिवळा येतो. म्हणून फोटो दिवसाच्या उजेडात काढा आणि पाइपाला लागून एक कोरा पांढरा कागद धरा. शेजारी खरा पांढरा असला की पिवळटपणा दिव्याचा आहे की पाइपाचा, हे समोरच्याला कळतं. शिवाय पाइपाचा जो भाग क्लॅम्पखाली किंवा सावलीत असतो तिथे मूळ रंग टिकून राहिलेला असतो, तोही टिपा. लोखंडी पाइपाची शंका असेल तर चुंबक लावून पाहा.

आट्यांचं माप: दहा रुपयांचं नाणं पुरतं

फिटिंगचं एक तोंड चिकटवायचं असतं आणि दुसऱ्याला बहुतेकदा आटे असतात, नळ किंवा अँगल कॉक फिरवून बसवायला. आटे ओळखणं पाइप ओळखण्यापेक्षा सोपं आहे. आपल्याकडे पाण्याच्या लाइनवर ब्रिटिश पद्धतीचे पाइप आटे चालतात आणि त्यांची मापं एकमेकांपासून चांगली दूर आहेत. बाहेरून आटे असलेलं तोंड अर्धा इंचीला साधारण २१ मिमी भरतं, पाऊण इंचीला २६.४ मिमी आणि एक इंचीला ३३.२ मिमी. अर्धा इंच म्हणजे पट्टीवर १२.७ मिमी, हे डोक्यात धरून मोजायला गेलेला माणूस इथे हमखास गोंधळतो. २१ मिमी भरलं तरी नाव अर्धा इंचीच.

दोन धातूंचं दहा रुपयांचं नाणं २७ मिमी व्यासाचं असतं. ते आट्यांच्या तोंडावर मधोमध सपाट धरा आणि अगदी समोरून फोटो काढा. पाऊण इंची असेल तर नाणं तोंडाला जवळजवळ काठोकाठ झाकेल. अर्धा इंची असेल तर सगळीकडून सुमारे ३ मिमी बाहेर डोकावेल. एक इंची असेल तर उलट, नाण्याभोवती आट्यांचं तेवढंच कडं उघडं दिसेल. नाणं आणि तोंड एकाच पातळीत असल्याने फोटो जवळून काढला तरी फसवत नाही, हा या युक्तीचा मोठा गुण आहे.

आटे आतून असतील तर नाण्याऐवजी पट्टी तोंडावर आडवी धरून आतला व्यास टिपा. अर्धा इंचीला तो १८.६ मिमीच्या आसपास येतो, पाऊण इंचीला २४ आणि एक इंचीला ३०. पट्टीची सुरुवात बऱ्याचदा झिजलेली असते किंवा शून्याच्या आधी थोडी जागा सोडलेली असते, म्हणून १ सेंमीच्या खुणेपासून मोजायची सवय ठेवा.

माप २४ मिमीच्या आसपास आलं आणि आटे बाहेरून असले, तर थांबा. पाइपाच्या आट्यांत असं माप नाही. अशा वेळी बहुतेकदा तुम्ही बेसिनच्या किंवा स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाची फेस आणणारी जाळी मोजत असता. तिचे आटे बारीक, जवळजवळ असतात आणि ती "२४ मिमी बाहेरचे आटे" किंवा "२२ मिमी आतले आटे" अशी मागावी लागते.

घरात आणखी एक तयार मोजमाप असतं. बेसिनखालच्या कनेक्शन पाइपाचा नट सहसा अर्धा इंची असतो आणि वॉशिंग मशीनच्या पाण्याच्या पाइपाचा नट पाऊण इंची. शंकेतल्या तोंडावर यातला जो नट हाताने सहज तीन-चार फेरे फिरतो, ते त्याचं माप. असा बसलेला नट दाखवणारा एक फोटो दुकानदाराला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो.

एका बाबतीत मात्र फोटो हतबल आहे. अमेरिकेत पाइपाच्या आट्यांचा कोन ६० अंशांचा, ब्रिटिश पद्धतीत ५५ अंशांचा. अर्धा आणि पाऊण इंचीत एका इंचातल्या आट्यांची संख्या दोन्हीकडे १४ च आहे, व्यासही जवळजवळ तेवढाच. डोळ्यांना फरक दिसत नाही, फिरवल्यावर काही फेरे बसतातही, पण दाबाखाली सांधा पाझरत राहतो. तिकडून आणलेलं उपकरण किंवा शॉवर असेल, किंवा तिकडच्या नातेवाइकासाठी इथून काही पाठवायचं असेल, तर वस्तू कुठली आहे हे शब्दांत लिहाच.

पाइपाचं माप: कागदाची पट्टी गुंडाळा

आता मूळ अवघड भागाकडे येऊ. पाऊण इंची सीपीव्हीसी २२.२ मिमी आणि अर्धा इंची यूपीव्हीसी २१.३ मिमी, यांत एक मिलिमीटरचाही फरक नाही. पट्टी समोर धरून काढलेल्या फोटोत तो कधीच खात्रीने दिसत नाही. त्यातून पाइप भिंतीला लागून असेल, तर पट्टी नीट धरताही येत नाही.

इथे व्यास सोडून परीघ मोजायचा. वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कापा, पाइपाभोवती एकदा घट्ट गुंडाळा, टोक जिथे पट्टीवर चढतं तिथे टोकदार पेन्सिलीने बारीक रेघ मारा. पट्टी उलगडून सपाट ठेवा आणि टोकापासून रेघेपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ३.१४ ने भागलं की व्यास. परीघ मोजताना १ मिमीची चूक झाली, तरी व्यासात ती जेमतेम ०.३ मिमी उरते. घरात व्हर्नियर कॅलिपर नसणाऱ्याला यापेक्षा अचूक काही मिळणार नाही.

भागाकारही करायची गरज नाही. सीपीव्हीसीचा परीघ अर्धा इंचीला ५० मिमी, पाऊणला ७०, एक इंचीला ९० येतो. यूपीव्हीसीचा त्याच क्रमाने ६७, ८४ आणि १०५. बाहेरच्या मापाच्या कुटुंबात २० एमएमला ६३, २५ एमएमला ७८.५ आणि ३२ एमएमला १००.५. यातले कुठलेही दोन आकडे निदान ३ मिमी दूर आहेत, त्यामुळे पेन्सिलीची रेघ ठीक मारली तर गोंधळ होत नाही.

पट्टी गुंडाळण्याआधी पाइप पुसा. रंगाचा थर, चुना किंवा जुन्या सोल्युशनचा ओघळ असेल तर जागा बदला. पट्टी तिरकी जाऊ देऊ नका. दोन वेगळ्या ठिकाणी मोजून दोन्ही वेळा तेच आलं, तरच विश्वास ठेवा. मग ती उलगडलेली कागदी पट्टी मोजपट्टीशेजारी ठेवून तिचाच फोटो काढा. दोन्ही वस्तू सपाट, एकाच पातळीत असल्याने हा फोटो कुठूनही वाचता येतो.

फोटो काढताना अंतर का महत्त्वाचं

फिटिंग निघालेलं असेल आणि पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायचा असेल, तर मोबाइल फार जवळ नेऊ नका. पट्टी टेबलावर पडलेली असते आणि पाइपाचा सगळ्यात रुंद भाग तिच्यापेक्षा साधारण एक सेंटिमीटर वर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तेवढा जवळ असतो. जवळची वस्तू मोठी दिसते. मोबाइल १० सेंमीवर धरला तर एवढ्या अंतराने पाइप दहा टक्के मोठा भासतो, म्हणजे २१.३ मिमीचा पाइप पट्टीवर २३ च्याही पुढे दिसतो. तोच फोटो हातभर, ५० सेंमीवरून दुपटीने झूम करून काढला तर चूक दोन टक्क्यांवर येते. पट्टीखाली काड्यापेटी ठेवून ती पाइपाच्या मध्याच्या उंचीला आणली, तर जवळजवळ उरतच नाही.

एकूण चार फोटो पुरतात. पहिला लांबून, फिटिंग जागेवर असताना, दोन्ही बाजूंचा हात-दीड हात पाइप आणि भिंत दिसेल असा. हा लोक सोडून देतात आणि नेमका हाच प्लंबरला सर्वांत उपयोगी पडतो. चिकटवलेलं फिटिंग फिरवून निघत नाही, कापावं लागतं. कापल्यावर दोन्हीकडे नवं सॉकेट बसण्याइतका सरळ पाइप उरतो का, निदान एक बाजू हलते का, हे या फोटोत कळतं. दोन्ही बाजू भिंतीत घट्ट असतील तर नुसता एल्बो आणून तो आत सरकवताच येणार नाही. सोबत पाइपाचा तुकडा, कपलर किंवा युनियन लागेल.

दुसरा फोटो छपाईच्या ओळीचा, तिसरा नाण्यासह आट्यांचा आणि चौथा कागदी पट्टीचा. फिटिंगच्या अंगावरही बऱ्याचदा ठशासारखे उठावदार आकडे असतात. ते समोरच्या फ्लॅशने नाहीसे होतात. खोलीतला दिवा बंद करून बाजूने टॉर्च मारली की सावली पडून ते स्पष्ट वाचता येतात.

पाठवताना एक काळजी घ्या. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं आणि पाइपावरची बारीक अक्षरं पुसट होतात. एचडी पर्याय निवडा किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा.

एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वाईला माझ्या मावशीच्या गच्चीवर, झाडांना पाणी घालायच्या नळाशी एल्बो चिरला होता. मला पुण्याहून तो घेऊन जायचा होता. तिने पाठवलेल्या पहिल्या फोटोत पिवळट पाइप, पिवळट एल्बो आणि मागे भिंतीला टेकवलेली पट्टी होती. पट्टीवर पाइप २३ मिमीच्या जवळपास दिसत होता. रंग पाहून सीपीव्हीसी आणि माप पाहून पाऊण इंची, असं कुणीही म्हणालं असतं.

पण लाइन थंड पाण्याची, गच्चीवरची आणि दिवसभर उन्हातली. त्यात पट्टी पाइपाच्या मागे, म्हणजे पाइप खऱ्यापेक्षा मोठा दिसणारच. मी फोन करून म्हटलं, "मावशी, वहीचा कागद घे, पाइपाला एकदा गुंडाळ, टोक येतं तिथे रेघ मार आणि रेघेचा फोटो पाठव." तिने विचारलं, "अरे, पण पाइपाला जुना रंग लागलाय, चालेल?" तर क्लॅम्पजवळची कोरी जागा धरायला सांगितली.

रेघ ६७ मिमीवर होती. पुन्हा मोजलं तरी ६७. सीपीव्हीसीत असा परीघ नाही, पाऊण इंची असता तर ७० भरला असता. ६७ म्हणजे २१.३ मिमी, म्हणजे अर्धा इंची यूपीव्हीसी. क्लॅम्प सैल केल्यावर त्याखाली पाइप पांढराशुभ्र निघाला आणि त्याच भागात छपाईतला "शेड्यूल" शब्दही वाचता आला. तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या, तेव्हा माप पक्कं झालं.

दुसरं टोक नळाचं. नळ काढून त्याच्या आट्यांवर तिने दहाचं नाणं धरलं. नाणं सगळीकडून सारखं बाहेर येत होतं, म्हणजे अर्धा इंची. नळाला बाहेरचे आटे, म्हणून एल्बोला आतले हवेत. चीर नेमकी आट्यांच्या तोंडापासून सुरू झाली होती आणि फोटोत तिथे टेफ्लॉन टेपचा जाड थर दिसत होता. एल्बो नुसत्या प्लास्टिकच्या आट्यांचा होता. पितळी नळ त्यात जास्त टेप लावून जोराने आवळला, की प्लास्टिकचं तोंड ताणलं जाऊन असंच उभं चिरतं. म्हणून तसाच न मागता पितळी आट्यांचा एल्बो घ्यायचं ठरवलं. लांबच्या फोटोत उभा पाइप वरच्या क्लॅम्पपर्यंत मोकळा दिसत होता, त्यामुळे एल्बोलगत कापून नवा बसवायला जागा होती.

दुकानदाराला गेलेला निरोप असा होता: "यूपीव्हीसी ब्रास एल्बो, अर्धा इंची, १५ बाय १५. एक तोंड चिकटवायचं, पाइपाचा बाहेरचा व्यास २१.३ मिमी. दुसऱ्या तोंडाला आतले पितळी आटे, अर्धा इंची. सोबत यूपीव्हीसीचं सोल्युशन, लहान डबा. फोटो जोडलेत." त्यावर त्याने साइझ विचारली नाही.

मागताना वापरायची नावं

आतले आटे म्हणजे दुकानात "फिमेल", बाहेरचे म्हणजे "मेल". सरळ अडॅप्टर हवा असेल तर प्लास्टिकच्या आट्यांचा एमटीए किंवा एफटीए, पितळी आट्यांचा एमएबीटी किंवा एफएबीटी, अशी आद्याक्षरं चालतात. त्यातलं एम आणि एफ वेगळं ऐकू येत नाही, म्हणून फोनवर न सांगता लिहून पाठवलेलं बरं.

दोन तोंडांची मापं वेगळी असतील तर ब्रास एल्बोत आधी चिकटवायच्या तोंडाचं आणि मग आट्यांचं माप सांगतात: "२० बाय १५" म्हणजे पाइप पाऊण इंची, आटे अर्धा इंची. टी असेल तर आधी सरळ रेषेतली दोन तोंडं आणि शेवटी मधली फांदी. हा क्रम उलटा झाला तर वेगळीच वस्तू येते, म्हणून शंका असेल तर फोटोवरच बोटाने बाण काढून प्रत्येक तोंडाशेजारी माप लिहा.

सोल्युशनही पाइपाच्या कुटुंबाप्रमाणे मागा. सीपीव्हीसीचं वेगळं, यूपीव्हीसीचं वेगळं. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी लाइनवर यूपीव्हीसीचं सोल्युशन लावलेला सांधा भरवशाचा नसतो.

फिटिंग हातात आल्यावर, चिकटवण्याआधी

पाइप कापण्याआधी नवं फिटिंग तपासा, कारण कापल्यावर पाणी बंदच ठेवावं लागतं. शक्य असेल तर त्याच पाइपाचा उरलेला तुकडा सॉकेटमध्ये कोरडाच घालून पाहा. बरोबर मापाचा पाइप सॉकेटच्या खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश सहज जातो आणि मग अडतो, कारण सॉकेट आत थोडं निमुळतं असतं. तळापर्यंत खडखडत गेला तर सॉकेट मोठं आहे, तोंडाशीच अडला तर लहान. दोन्ही वेळा सोल्युशन लावून काम भागवू नका.

आटे टेप न लावता हाताने फिरवून पाहा. काही फेरे सहज जाऊन हळूहळू घट्ट होत गेले तर जुळले. पहिल्याच फेऱ्यात तिरके अडकले तर नळ सरळ धरून पुन्हा लावा. तरीही अडकलं तर माप किंवा पद्धत वेगळी आहे. शेवटपर्यंत ढिले राहिले, तर टेपचे थर वाढवून गळती थांबल्यासारखी वाटेल, पण दाब वाढला की ती परत येईल.

तुकडा उरलेला नसेल आणि पाइप भिंतीत असेल, तर फिटिंगच्या तोंडाचा आतला व्यास पट्टीने मोजा. पाइपाच्या काढलेल्या व्यासाहून तो किंचित जास्त, मिलिमीटरच्या आतच असायला हवा. त्याहून जास्त फरक दिसला तर फिटिंग तसंच कोरं ठेवून दुकानातून बदलून आणा. एकदा सोल्युशन लागलेलं फिटिंग दुकानदार परत घेत नाही.